पत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी

बुद्धपौर्णिमेच्या आधी पंधरा दिवस आपल्या विद्यालयाच्या कार्यालयात एक कागद येतो आणि तो आम्हा तीन-चार माजी विद्यार्थ्यांच्या हाती दिला जातो. त्यावर दिवसभराच्या कार्यक्रमांच्या वेळा, पाहुण्यांची नावे आणि कोणता कार्यक्रम कोणत्यानंतर व्हायचा याचा क्रम असतो. तपासून झाला की तो छापखान्यात जातो, आणि तेथून हजार प्रती होऊन वसई, नालासोपारा, विरार येथील घराघरांत पोहोचतो. हे काम आम्ही अनेक वर्षे करीत आलो आहोत. पुढे ते आपल्यापैकी कोणाच्या तरी हाती जाईल, म्हणून ते कसे करतो हे या स्मरणिकेच्या निमित्ताने लिहून ठेवावे असे वाटले.

पत्रिका तपासणे म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ सुधारणे, असा पुष्कळांचा समज असतो. शुद्धलेखन पाहावे लागतेच, पण ते कामाचा लहानसा भाग आहे. एखाद्या पत्रिकेत एकही अक्षर चुकलेले नसते आणि तरीही ती पत्रिका पाळता येणार नाही अशी असते. कागदावर सुबकपणे छापलेली वेळ खरी आहे की नाही, हे कागद सांगत नाही. ते घड्याळ सांगते, पंचांग सांगते, रस्ता सांगतो, आणि ज्याचे नाव छापले आहे तो माणूस सांगतो. म्हणून आमची पहिली रीत अशी की पत्रिका नुसती वाचायची नाही, ती मनात चालवून पाहायची.

२०२५ च्या बुद्धपौर्णिमेचे उदाहरण घेऊ. त्या वर्षी पौर्णिमा १२ मे रोजी होती. आलेल्या मसुद्यात सकाळचा क्रम असा होता : ७.०० वाजता सोपारा स्तूप येथे सामूहिक वंदना, ८.०० वाजता विद्यालयात धम्मध्वजारोहण; ८.१५ अल्पोपाहार, ९.०० पूजा, त्रिसरण-पंचशील व परित्राणपाठ, १०.०० पाहुण्यांचे स्वागत, १०.१५ प्रास्ताविक, १०.३० धम्मदेसना, आणि ११.३० वाजता भिक्खुसंघास भोजनदान. वाचताना यात काहीच खटकत नाही. वेळा चढत्या क्रमाने आहेत, प्रत्येक कार्यक्रमाला नाव आहे, शब्दही बरोबर आहेत.

आता ती चालवून पाहू. स्तूपापाशी वंदनेला पाऊण तास लागतो, म्हणजे पावणेआठ वाजतात. तेथून मुलांना ओळीने रस्त्यापर्यंत आणणे, बसमध्ये बसविणे, मोजणे, नालासोपाऱ्याच्या गर्दीतून बाहेर पडणे आणि विद्यालयाच्या पटांगणात पुन्हा ओळी लावणे, याला कितीही शिस्त असली तरी तास लागतो. मसुद्यात त्यासाठी पंधरा मिनिटे होती. म्हणजे ध्वजारोहण ८.०० ऐवजी ८.४५ ला झाले असते. त्यानंतर पंधरा मिनिटे ध्वजवंदना, पाऊण तास अल्पोपाहार, एक तास पूजा आणि परित्राणपाठ, असे करता पावणेअकरा वाजतात. मग स्वागत. यादीत चौदा नावे होती. नाव पुकारणे, पाहुण्यांनी उठून पुढे येणे, पुष्प देणे, छायाचित्र, पुन्हा जागेवर जाणे, याला प्रत्येकी दीड मिनिट धरले तरी एकवीस मिनिटे होतात. मसुद्यात पंधरा होती. तोवर अकरा वाजून सहा मिनिटे झालेली असतात. प्रास्ताविक संपते तेव्हा ११.२१ होतात आणि तासाभराची धम्मदेसना संपते तेव्हा १२.२१. भोजनदानाची खरी वेळ ती. पत्रिकेत मात्र ११.३०.

एरवीच्या समारंभात पन्नास मिनिटांचा उशीर म्हणजे थोडी चुळबुळ आणि आयोजकांची क्षमायाचना. येथे तसे नाही. विनयाच्या नियमाप्रमाणे भिक्खू मध्यान्हानंतर भोजन घेत नाहीत. दूरवरून आलेल्या भिक्खूंपुढे बारा वाजून वीस मिनिटांनी ताटे मांडली, तर ते ताटाला हात न लावता आशीर्वाद देतील, आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत उपाशी राहावे लागेल. ज्या कुटुंबांनी पहाटे उठून अन्न शिजविले, त्यांचे दानही तसेच राहील. कोणी तक्रार करणार नाही, कारण भिक्खू तक्रार करीत नाहीत. म्हणूनच हे आधी पाहणे अधिक आवश्यक ठरते.

यावर एका सदस्याने एक विचार करण्याजोगा मुद्दा मांडला. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा की सूर्य माथ्यावर येण्याची वेळ? भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरलेली आहे. वसई त्याच्या पश्चिमेला साधारण पावणेदहा अंश. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटे लागतात, म्हणून आपल्याकडे सूर्य सुमारे एकोणचाळीस मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. मे महिन्याच्या मध्यास त्यातून तीन-चार मिनिटे वजा होतात. म्हणजे त्या दिवशी वसईचा खरा मध्यान्ह १२.३५ च्या सुमारास होता. हिशेब अचूक आहे. पण आपल्याकडे येणारे भिक्खू घड्याळातले बारा पाळतात, आणि कोणती मर्यादा पाळायची हे पत्रिका तपासणाऱ्याने ठरवायचे नसते. ते संघातील ज्येष्ठांना विचारायचे असते. आम्ही विचारले, उत्तर मिळाले, आणि बारा हीच मर्यादा धरली.

मग पत्रिका उलट्या बाजूने रचली. बारा वाजता भोजन पूर्ण व्हायचे, तर भिक्खूंना शांतपणे जेवायला चाळीस मिनिटे हवीत. त्याआधी आसन, हात धुण्यासाठी पाणी, दानगाथा आणि वाढप यांना वीस मिनिटे. म्हणजे भोजनदान ११.०० वाजता. त्याआधी पूजा व परित्राणपाठ, त्याआधी अल्पोपाहार, त्याआधी ध्वजारोहण, आणि स्तूपावरून येण्यासाठी पूर्ण एक तास. असे मागे जाता जाता असे दिसले, की सातची वंदना ठेवली तर मुलांचा अल्पोपाहार नऊ वाजून जातो, आणि मुले तर पहाटे उठलेली असतात. म्हणून वंदना ६.३० ला घेतली. ध्वजारोहण ८.३०, अल्पोपाहार ८.४५, पूजा ९.४५, आणि ११.०० वाजता भोजनदान. मध्ये पंधरा मिनिटे मोकळी. ही पंधरा मिनिटे पत्रिकेत छापली जात नाहीत, पण तीच पत्रिका वाचवितात. स्वागत, प्रास्ताविक आणि धम्मदेसना हे तिन्ही सर्वांच्या भोजनानंतर, १.३० पासून घेतले. भोजनानंतर अनुमोदन आणि उपदेश करण्याची रीत संघात आहेच, त्यामुळे धम्मदेसनेची जागा बदलल्याने काही उणे झाले नाही.

सायंकाळच्या सत्राला दुसरी मर्यादा होती. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. वर्षातील मोजक्या दिवशीच राज्य शासन बारापर्यंत सवलत देऊ शकते, आणि ती कोणते दिवस हे जाहीर झालेले असते. मसुद्यात मुलांचा गीतांचा कार्यक्रम ७.४५ ते १०.००, त्यानंतर पारितोषिके, आणि १०.३० ला आभार असे होते. याचा अर्थ असा, की ज्या मुलांना वर्षभराच्या कष्टांचे पारितोषिक मिळायचे, त्यांची नावे ध्वनिक्षेपक बंद झाल्यावर पुकारली गेली असती, आणि विरारच्या पुढच्या पालकांनी तोवर घरची वाट धरली असती. आम्ही पारितोषिके गीतांच्या आधी आणली आणि आभार व सरणत्तयं ९.४५ ला ठेवले. पोलीस ठाण्याच्या परवानगीपत्रावरील वेळ आणि पत्रिकेतील शेवटची वेळ ही दोन्ही कागद शेजारी ठेवून जुळवावीत. परवानगी एका वेळेची आणि पत्रिका दुसऱ्या वेळेची असे दिसले, तर बदल पत्रिकेत करायचा.

वेळांबाबत आणखी एक खबरदारी. १४ एप्रिलच्या जयंतीचे अभिवादन मध्यरात्री होते. पत्रिकेत ‘दि. १४ एप्रिल, रात्री १२ वाजता’ असे छापले, तर अर्धे लोक तेराच्या रात्री येतात आणि अर्धे चौदाच्या. ‘दि. १३ एप्रिल, रात्री ११.४५ पासून’ असे लिहिले की शंका उरत नाही. नुसते ‘१२.००’ कोठेही ठेवू नये. त्याआधी ‘दुपारी’ किंवा ‘मध्यरात्री’ हवेच.

तारखा तपासताना मागच्या वर्षीचा कागद हा मोठा फसविणारा असतो. बहुतेक मसुदे गेल्या वर्षीच्या फाइलवरच तयार होतात. तारीख बदलली जाते, वार तसाच राहतो. २०२४ ची बुद्धपौर्णिमा गुरुवारी, २३ मे रोजी होती. त्यामुळे २०२५ च्या मसुद्यात ‘गुरुवार, दि. १२ मे’ असे आले होते. प्रत्यक्षात तो सोमवार होता. वाचणारा तारीख पाहील की वार, हे सांगता येत नाही. कितवी जयंती हेही असेच मागे राहते. येथे आम्ही एक खूण धरली आहे. १९५६ च्या मे महिन्यात देशभर २५०० वी बुद्धजयंती साजरी झाली. त्यात पुढची वर्षे मिळवावीत : २०२५ साठी एकोणसत्तर, म्हणून २५६९ वी. त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरपासून धम्मचक्र प्रवर्तन दिनाची मोजणी होते, म्हणून तोही त्या वर्षी ६९ वा. एकच वजाबाकी दोन्ही पत्रिकांना पुरते. आणि पत्त्याच्या ओळीत ‘जि. ठाणे’ राहिले आहे का, हेही पाहावे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, पण जुन्या लेटरहेडवरून उतरविलेल्या मसुद्यांत ठाणे अजूनही डोकावते.

आता नावांकडे वळू. नावांच्या बाबतीत आमचा नियम असा, की कोणतेही नाव ऐकून किंवा इंग्रजीवरून लिहायचे नाही. वसईत हे फार जपावे लागते, कारण येथील ख्रिस्ती बांधवांची आडनावे इंग्रजीत एक आणि मराठीत दुसरी दिसतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव सर्वांना परिचित आहे. उस्मानाबाद येथील ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. इंग्रजी अक्षरांवरून उतरविणारा ‘डिब्रिटो’ किंवा ‘डी ब्रिट्टो’ लिहील. त्यांच्या मराठी पुस्तकांवर मात्र ‘दिब्रिटो’ असे आहे. डिसोझा की डिसोजा, लोपिस की लोपीस, याचा निर्णय व्याकरण देत नाही. तो माणूस मराठीत स्वाक्षरी कशी करतो, तेच त्याचे नाव. म्हणून आम्ही दूरध्वनीवर ‘आपले नाव बरोबर आहे ना?’ असे विचारीत नाही. असे विचारले की सभ्य माणूस ‘हो’ म्हणतो. आम्ही त्यांनाच त्यांचे नाव मराठीत लिहून पाठविण्याची विनंती करतो आणि तो कागद जपून ठेवतो.

नावाच्या आधी आणि नंतर जे लागते, तेही नावाइतकेच महत्त्वाचे. आपल्याकडे आयुष्मान, आयुष्मती आणि दिवंगतांसाठी कालकथित अशी रीत आहे. संक्षेपाने ‘आयु.’ लिहिले की भगिनींच्या नावापुढेही तेच पडते; म्हणून पूर्ण शब्द लिहावा. ‘कालकथित’ हा शब्द बहुधा कोणाच्या स्मरणार्थ दिलेल्या पारितोषिकात येतो, आणि तेथे देणाऱ्याचे व ज्यांच्या स्मरणार्थ दिले त्यांचे अशी दोन नावे एकाच ओळीत असतात. तो शब्द एका नावापासून दुसऱ्या नावापुढे सरकला, तर जिवंत माणसाला आपले नाव दिवंगतांत वाचावे लागते. अशा ओळीवर आम्ही पेन्सिलीने खूण करून त्या कुटुंबालाच वाचून दाखवितो. पदांचेही तसेच. वसई-विरार महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपून प्रशासक आले. म्हणून २०२५ च्या पत्रिकेत येणाऱ्या प्रत्येक नगरसेवकापुढे ‘माजी’ हा शब्द हवा होता. मसुद्यात तो कोठे होता, कोठे नव्हता. ज्यांच्यापुढे नव्हता त्यांना बरे वाटले असते, आणि ज्यांच्यापुढे होता त्यांना मुद्दाम केल्यासारखे वाटले असते. सर्वांना एकच न्याय लावला की प्रश्न उरत नाही.

भिक्खूंच्या नावांचा क्रम हा स्वतंत्र विषय आहे. तो वयावर, प्रसिद्धीवर किंवा वर्णानुक्रमावर ठरत नाही. उपसंपदेनंतर किती वर्षावास झाले, त्यावर ठरतो. पन्नाशीत चीवर घेतलेल्या आणि पाच वर्षावास झालेल्या भन्तेंचे नाव, तिशीतील पण आठ वर्षावास झालेल्या भन्तेंच्या खाली येते. दहा वर्षावास झाले की थेर, वीस झाले की महाथेर. म्हणून प्रत्येकाचे वर्षावास विचारून घ्यावेत आणि मसुद्यातील नावांशेजारी पेन्सिलीने आकडा लिहावा; आकडे उतरत्या क्रमाने आले की क्रम बरोबर. संघाची नावे इतर सर्वांच्या आधी, अगदी अध्यक्षांच्याही आधी आणि वेगळ्या ओळीत येतात. त्यांना ‘प्रमुख पाहुणे’ या मथळ्याखाली घालू नये.

यानंतर दोन याद्यांची गाठ घालायची. पत्रिकेच्या पहिल्या पानावर पाहुण्यांची नावे असतात आणि आतल्या पानावर कोण काय करणार हे असते. पहिल्या यादीतील प्रत्येक नावावर, ते आत सापडले की, टिंब द्यावे. मग उलट आतल्या नावांवरून पहिल्या यादीकडे यावे. २०२५ च्या मसुद्यात पहिल्या पानावर उद्घाटकांचे नाव होते, पण आत उद्घाटन हा कार्यक्रमच नव्हता. पाहुणे आले असते, बसले असते, आणि उद्घाटनाची वाट पाहत राहिले असते. ज्यांची संमती लेखी आली नाही, त्यांचे नाव छापू नये; ‘येणार आहेत’ असे सांगणाऱ्या तिसऱ्या माणसाचा शब्द ही संमती नव्हे.

शेवटी अक्षरे. छापखान्यात अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत जुळणी होते, आणि मोबाइलवरून पाठविलेला मजकूर तेथे नीट उतरत नाही. जुळणी करणारा तो बहुधा पुन्हा टंकतो. म्हणून मसुद्यात बरोबर असलेला शब्द प्रुफात चुकलेला असू शकतो. सर्वांत अधिक आढळणारी चूक आपल्या सर्वांत मोठ्या शब्दातच असते : ‘बुद्ध’ऐवजी ‘बुध्द’ आणि ‘बौद्ध’ऐवजी ‘बौध्द’. येथे द ला ध जोडायचा असतो, ध ला द नव्हे. उच्चार करून पाहिला की कळते. दुसरी चूक सवयीची : ‘धम्मदेसना’ची ‘धर्मदेशना’ होते, कारण बोटांना तो शब्द ओळखीचा असतो. प्रूफ एकट्याने तपासू नये. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून जावे. जो वाचतो त्याने प्रुफाकडे पाहू नये, कारण ओळखीचा शब्द डोळा आपणच दुरुस्त करून घेतो. आकडे, विशेषतः संपर्काचे दूरध्वनी क्रमांक, एकेक अंक वाचावेत, आणि तो क्रमांक प्रुफावरूनच एकदा फिरवून पाहावा.

ज्या सोपाऱ्यात आपण वंदनेला जातो, तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. त्याच परिसरात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ मध्ये जवळच भुईगाव येथे नवव्याचा. त्याच लेखमालेतील चौदावा लेख सोपाऱ्यास मिळालेला नाही, पण गिरनारसारख्या ठिकाणी तो शाबूत आहे. त्यात अशोकाने म्हटले आहे, की काही ठिकाणी लेख अपुरा राहिला असेल, तर त्याच्या कारणांपैकी एक लिपिकराचा दोष हे असू शकते. दगडावर कोरताना जे घडत होते, ते कागदावर घडणारच. फरक इतकाच, की आपल्याला छापण्यापूर्वी तो कागद पाहण्याची संधी असते.

ही संधी किती वेळा घ्यायची, तर तीनदा. पहिल्या प्रुफात सर्व तपासावे. दुसऱ्या प्रुफात केलेल्या दुरुस्त्या आणि त्यांच्या वरच्या-खालच्या ओळी पाहाव्यात, कारण एक ओळ हलली की शेजारची वेळ दुसऱ्या कार्यक्रमासमोर जाते. तिसऱ्यात केवळ तारीख, वार, स्थळ, ११.०० चे भोजनदान आणि संघाची नावे. त्यानंतर दोघांनी प्रुफावर ‘छपाईस हरकत नाही’ असे लिहून तारीख-वेळेसह स्वाक्षरी करावी. स्वाक्षरीनंतर दूरध्वनीवरून आलेला कोणताही बदल, कितीही मोठ्या व्यक्तीचा असो, नव्या प्रुफाशिवाय स्वीकारू नये. तोंडी सांगितलेल्या दुरुस्तीतूनच नव्या चुका शिरतात.

स्वाक्षरी केलेली ती प्रत आम्ही विद्यालयाच्या कार्यालयातील लाकडी कपाटात, पाहुण्यांच्या संमतीपत्रांसह वर्षवार ठेवलेली आहे. पुढील वर्षी ज्यांच्याकडे हे काम येईल, त्यांनी मागच्या वर्षीची फाइल उघडण्याआधी ते कपाट उघडावे, कोऱ्या कागदावर प्रथम ‘११.००’ लिहावे, आणि तेथून मागे-पुढे मोजायला लागावे.